लोणच्याची बरणी ओट्यावर: उत्पादनाचा फोटो दृश्यात बसवताना लोगो, आकार आणि रंग कसे जपावेत

माझ्या टेबलावर आत्ता कैरीच्या लोणच्याची एक बरणी आहे. काचेची, गोल, १२ सेंटिमीटर उंच, झाकण ७ सेंटिमीटर रुंद. पांढऱ्या मॅट कागदाचं लेबल आणि त्यावर डाळिंबी रंगात देवनागरीत छापलेलं नाव. घरगुती उद्योग चालवणाऱ्या एका काकूंची ही बरणी. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा तिचा फोटो झालेला आहे. आता त्यांना दुसरा फोटो हवाय: सकाळचं स्वयंपाकघर, ओट्यावर वाढलेलं ताट आणि शेजारी ही बरणी.

असं काम मी पहिल्यांदा केलं तेव्हा ज्या बाईंसाठी केलं होतं, त्यांनी त्यांची बरणी माझ्या स्क्रीनशेजारी धरली आणि म्हणाल्या, "हा रंग आमचा नाही हो. आणि नाव जरा फुगल्यासारखं दिसतंय." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दृश्याशी मेळ बसावा म्हणून मी सगळ्या चित्रावर सोनेरी छटा दिली होती, त्यामुळे डाळिंबी रंग विटकरी झाला होता. जागा भरून निघावी म्हणून बरणी आडवी थोडी ताणलीही होती. लोकांना अशी चूक नेमकी सांगता येत नाही, पण रोज जी वस्तू हाताळतो ती बदललेली त्यांना लगेच कळते.

तेव्हापासून एक क्रम मी सोडलेला नाही. आधी बरणीचा फोटो नीट समजून घ्यायचा आणि मग दृश्य त्या बरणीच्या मापाने टिपायचं. कॅमेऱ्याची उंची, उजेडाची दिशा, उजेडाचा रंग, जे काही जुळवायचं ते दृश्याच्या बाजूने जुळवायचं. बरणीला हात लावायची वेळ आली, म्हणजे आधीच्या पायरीत कुठेतरी चुकलंय असं समजायचं.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्याकडे एकच बरणी असेल, स्वयंपाकघर हाताशी असेल आणि उजेड चांगला असेल, तर बरणी सरळ तिथे ठेवून फोटो काढा. जोडकामाचा खटाटोप तेव्हा करावा, जेव्हा एकाच दृश्यात कैरी, लिंबू, मिरची अशा सहा बरण्या आळीपाळीने बसवायच्या आहेत, किंवा लेबल बदललंय आणि तेच दृश्य पुन्हा वापरायचंय, किंवा खिडकीचा उजेड लेबलावर चमकून अक्षरं वाचता येत नाहीत.

बरणीचा मूळ फोटो

रंग इथेच जपला जातो किंवा इथेच हातचा जातो. कॅमेरा ट्रायपॉडवर, फाइल रॉ, आणि पहिल्या फ्रेममध्ये लेबलाला चिकटून एक करडं कार्ड. हे कार्ड कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतं. त्याच्यावर पांढऱ्या समतोलाचा ड्रॉपर टेकवला की त्या उजेडाची छटा निघून जाते, आणि तीच सेटिंग पुढच्या सगळ्या फ्रेमना लावता येते. नजरेने केलेला समतोल मी वापरत नाही. संध्याकाळी दमलेल्या डोळ्यांना पांढरं वेगळं दिसतं आणि सकाळी वेगळं.

एलईडी दिव्यांच्या बाबतीत एक खाचखळगा आहे आणि लोणच्याच्या बरणीला तो नेमका बाधतो. दिव्याच्या खोक्यावर रंग किती खरे दिसतील याचा जो आकडा, म्हणजे सीआरआय, छापलेला असतो, तो आठ फिकट रंगछटांची सरासरी असतो. गडद लाल त्या आठांत धरलेला नसतो, त्याचा आकडा वेगळा, आर९ नावाचा. त्यामुळे सरासरी ८० पेक्षा जास्त असलेल्या दिव्याखालीही लाल तिखट तपकिरी दिसू शकतं आणि डाळिंबी लेबल मेलेलं. हे नंतर करड्या कार्डाने सुधारत नाही, कारण कार्ड फक्त एकूण छटा काढतं, दिव्यातच नसलेला लाल ते परत आणू शकत नाही. लालसर वस्तू असेल तर आर९चा आकडा दिलेला दिवा घ्या, नाहीतर खिडकीचा अप्रत्यक्ष उजेड वापरा. तो फुकट आहे आणि या बाबतीत दिव्यापेक्षा सरस आहे.

फोन वापरत असाल तर १एक्सची रुंद लेन्स टाळा. जवळ जाऊन त्या लेन्सने फोटो काढला की बरणी वर फुगते आणि खाली निमुळती होते. २एक्स किंवा ३एक्स लेन्स घ्या, एक-सव्वा मीटर मागे जा आणि तिथून काढा. लेन्सचा आकडा बदलला म्हणून वस्तूची ठेवण बदलत नाही, ती कॅमेऱ्याच्या अंतराने बदलते. हे अंतर टेपने मोजून वहीत लिहा, पुढे लागणार आहे.

काचेसाठी एक जास्तीची फ्रेम लागते. बरणी न हलवता मागचा पांढरा कागद काढून काळं कापड लावा आणि आणखी एक फोटो घ्या. पांढऱ्यावरच्या फोटोत काचेच्या गडद कडा मिळतात, काळ्यावरच्या फोटोत काचेची चकाकी. दोन्ही पुढे वेगवेगळ्या कामाला येतात.

झाकण सांगतं कॅमेरा कुठे होता

सगळ्यात जास्त फोटो इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबतो. बरणीचं झाकण प्रत्यक्षात गोल आहे, पण फोटोत ते लंबगोल दिसतं. कॅमेरा जितका वरून, तितका तो लंबगोल फुगीर. अगदी समोरून पाहिलं तर झाकण नुसती रेघ होतं, आणि डोक्यावरून पाहिलं तर पूर्ण वर्तुळ. म्हणजे फोटोतल्या लंबगोलाची उंची भागिले रुंदी एवढं केलं की कॅमेऱ्याचा कोन हातात येतो. भागाकार ०.१७ आला तर कोन सुमारे १० अंश, ०.२६ आला तर १५, ०.३४ आला तर २०, आणि ०.५ आला तर ३० अंश.

माझ्या फोटोत झाकण ७०० पिक्सेल रुंद आहे आणि १८० पिक्सेल उंच. भागाकार ०.२६, म्हणजे कॅमेरा झाकणाकडे १५ अंशांतून खाली पाहत होता. वहीत झाकणापासून अंतर १.२ मीटर लिहिलेलं आहे. यावरून कॅमेरा झाकणाच्या पातळीपेक्षा सुमारे ३१ सेंटिमीटर वर होता. त्यात बरणीची १२ सेंटिमीटर उंची मिळवली की ओट्याच्या फरशीपासून ४३ सेंटिमीटर. दृश्य टिपताना माझा ट्रायपॉड नेमका तिथेच उभा राहील: बरणी ठेवायच्या जागेपासून आडवं अंतर ११६ सेंटिमीटर आणि ओट्यापासून ४३ सेंटिमीटर वर.

आता हेही बघा की बरणीचं बूड कॅमेऱ्यापासून झाकणापेक्षा खाली आहे, त्यामुळे तिथला कोन १५ नाही, २० अंशांच्या आसपास आहे. म्हणून बुडाची गोलाई झाकणापेक्षा जास्त फुगीर दिसते आणि लेबलाची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त वाकलेली असते. चुकीच्या उंचीवरून काढलेल्या दृश्यात बरणी बसवून मग ती फोटोशॉपच्या `Warp` किंवा `Perspective` ने वाकवायला गेलात, की झाकण जुळतं तेव्हा बूड बिघडतं आणि बूड जुळतं तेव्हा लेबल. एका फोटोत दोन कॅमेरे आहेत असं दिसायला लागतं.

देवनागरी लेबलावर ही चूक ओळखायची एक सोपी खूण आहे, ती म्हणजे शिरोरेषा. नाव छापताना ती सरळ असते, आणि गोल बरणीवर चढली की एका संथ कमानीत वाकते. कमान मध्याला सर्वांत खाली आणि दोन्ही बाजूंना सारखी वर चढत गेलेली. बरणीला कुणी हात लावला असेल तर या रेषेत लगेच उमटतं. तिला कुठेतरी टेंगूळ येतं, किंवा ती एका बाजूला जास्त चढते, किंवा मात्रा आणि वेलांट्या तिच्यापासून तिरक्या उभ्या राहतात. मी २०० टक्के मोठं करून डावीकडून उजवीकडे शिरोरेषेवरून नजर फिरवतो. आपण पाटीवर अक्षर गिरवताना जसं पाहतो तसं.

दृश्य टिपणं: जागेवर डमी बरणी ठेवा

ओट्यावर जिथे बरणी यायची आहे तिथे तशीच दुसरी बरणी ठेवा, लोणच्याने भरलेली, पण लेबल काढलेली. लेबलाच्या जागी त्याच मापाचा कोरा पांढरा कागद चिकटवा. या एका डमीने निम्मं काम वाचतं.

पहिला फायदा मापाचा. दृश्यात बरणी किती मोठी दिसायला हवी याचा अंदाज बांधावा लागत नाही, डमी जेवढी दिसते तेवढीच. डमी नसेल तर शेजारच्या वस्तूवरून काढावं लागतं: ३० सेंटिमीटरचं ताट त्याच अंतरावर ९०० पिक्सेल रुंद दिसत असेल, तर १२ सेंटिमीटरची बरणी ३६० पिक्सेलच्या आसपास हवी. मोठी करायचा मोह होतो, कारण जाहिरात आहे. पण वाटीएवढं झाकण आणि तांब्याएवढी बरणी दिसली की गिऱ्हाइकाला पार्सल उघडल्यावर फसवल्यासारखं वाटतं.

दुसरा फायदा सावलीचा, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. तेलाने भरलेल्या काचेच्या बरणीची सावली नुसती काळी नसते. खिडकीचा उजेड तेलातून आरपार जातो आणि सावलीच्या आत एक केशरी कवडसा पाडतो, कडेला फिकट, मध्ये दाट. लेबल जिथे आहे तिथे उजेड अडतो, म्हणून तिथली सावली गडद राहते. कोरा कागद लावायचा तो यासाठीच. हा कवडसा हाताने रंगवणं मी बऱ्याचदा करून पाहिलंय आणि दर वेळी ते रंगवलेलंच दिसलंय.

डमीसह एक फ्रेम घ्या. मग ट्रायपॉड न हलवता डमी उचला आणि मोकळ्या ओट्याची एक फ्रेम घ्या. तिसऱ्या फ्रेमसाठी बरणीच्या जागी करडं कार्ड उभं करा. फोकस डमीच्या लेबलावर धरून तो कुलूपबंद ठेवा, म्हणजे बुडाजवळची फरशीही तितकीच स्पष्ट राहील. फरशी धूसर आणि बरणी धारदार असली की बरणी हवेत चिकटवल्यासारखी दिसते, मग सावली कितीही चांगली असो.

उजेडाची दिशा मूळ फोटोत पाहून घ्या. बरणीच्या काचेवर चकाकीचा उभा पट्टा कुठल्या बाजूला आहे? माझ्या फोटोत डावीकडे. म्हणजे दृश्यातही खिडकी डावीकडेच हवी. ती उजवीकडे असेल तर पटकन बरणी आडवी उलटी करण्याकडे हात जातो, पण तसं केलं की नाव आरशातल्यासारखं उलटं होतं. मग काही जण नुसतं लेबल पुन्हा सुलटं करून चिकटवतात, आणि त्यावरची छाया चुकीच्या बाजूला राहते. उलटं करायचंच तर दृश्य करा, पण आमच्याकडच्या दृश्यात तिथेही डोळे उघडे ठेवा. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, लोणचं डावीकडे असतं आणि भाजी, आमटी उजवीकडे. चित्र उलटं केलं की ताट उलटं वाढल्यासारखं दिसतं, जेवणारा डाव्या हाताने घास घेतो आणि वाढणारीचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जातो. मराठी घरातली कुठलीही आजी हे दोन सेकंदांत पकडेल. त्यापेक्षा सकाळी यावं, खिडकी योग्य बाजूला घ्यावी आणि पुन्हा फोटो काढावा.

आता उजेडाच्या रंगाबद्दल, कारण खऱ्या रंगाची खरी लढाई इथे आहे. घरगुती दृश्य म्हटलं की सगळ्यांना सोनेरी ऊब हवी असते. पण सोनेरी उजेडात पांढरा कागद पिवळट आणि डाळिंबी रंग विटकरी दिसणारच, तो निसर्गनियम आहे. अशा दृश्यात खऱ्या रंगाची बरणी ठेवली तर ती निळसर आणि उपरी दिसते, आणि दृश्याशी जुळवली तर ती काकूंची राहत नाही. दोन्हींतून सुटका एकच: ऊब वस्तूंतून आणा, उजेडातून नको. पितळेचा डबा, लाकडी पोळपाट, वरणाचा पिवळा, ओलं केळीचं पान, मातकट भिंत. उजेड मात्र खिडकीचा, दहाच्या सुमाराचा, थेट ऊन नसलेला. ट्यूब आणि पिवळा बल्ब बंद. खिडकी आणि बल्ब एकत्र चालू असले की एकाच वस्तूची एक बाजू निळी आणि एक पिवळी होते, आणि असल्या मिश्रणाला कुठलंच कार्ड पुरत नाही.

कापणी

बरणी पार्श्वभूमीपासून वेगळी करताना आपोआप निवड करणारी साधनं पांढऱ्या कागदावरच्या पांढऱ्या लेबलाचा कोपरा हमखास खातात. वर काम पटकन झाल्यासारखं वाटतं, म्हणून ते लक्षातही येत नाही. मी पेन टूलनेच बाह्यरेषा काढतो. बिंदू जितके कमी तितकी रेषा गुळगुळीत: बरणीच्या उभ्या बाजूला दोन बिंदू पुरतात, झाकणाच्या लंबगोलाला चार. चाळीस बिंदूंनी काढलेली कड पाहताक्षणी कातरीने कापल्यासारखी दिसते. रेषा काठाच्या एक पिक्सेल आत ठेवा, म्हणजे मागच्या पांढऱ्या कागदाची झालर सोबत येत नाही. मास्कला अर्ध्या पिक्सेलचा फेदर द्या, त्याहून जास्त नको.

मग तो थर `Convert to Smart Object` करून दृश्यात आणा. यामुळे लहान-मोठं केलं तरी मूळ पिक्सेल शाबूत राहतात. मोठं मात्र कधीच करू नका. मूळ फोटोच इतका मोठा काढा की तो लहानच करावा लागेल. फोटोशॉपमध्ये वर `W` आणि `H` चे टक्के दिसतात, ते दोन्ही सारखे आहेत याची खात्री करा. जुन्या हाताच्या लोकांना हे मुद्दाम सांगायला हवं: पूर्वी प्रमाण राखायला शिफ्ट धरावी लागे. २०१९च्या आवृत्तीपासून प्रमाण आपोआप राखलं जातं आणि शिफ्ट धरली की उलट ते सुटतं. माझी पहिली फुगलेली बरणी हाताने ताणलेली होती, पण या सवयीने नकळत ताणलेल्या बरण्याही मी पाहिल्यात. आकडे ३८ आणि ३९.५ असे दिसले तरी डोळ्याला लगेच कळत नाही. बरणी हातात धरलेल्या माणसाला मात्र कळतं. फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी किंवा जिम्प, दोन्ही फुकट आहेत आणि थर, मास्क, मिश्रणाचे प्रकार त्यांतही आहेत.

काच, बूड, सावली

खाली डमीसह दृश्य, त्यावर खरी बरणी. डमीच्या झाकणावर झाकण आणि बुडावर बूड बसवा. आधीच्या पायऱ्या नीट झाल्या असतील तर दोन्ही एकाच वेळी जुळतात. हीच पहिली खरी परीक्षा. डमीची कड कुठे बाहेर डोकावत असेल तर मोकळ्या ओट्याच्या फ्रेममधून तेवढाच तुकडा आणून झाका. सावली आणि केशरी कवडसा जागच्या जागी राहतात.

लोणच्याचा भाग अपारदर्शक आहे, त्याला काही करावं लागत नाही. तेलाच्या तवंगापासून झाकणापर्यंतचा रिकामा पट्टा आणि बुडाची जाड काच एवढेच भाग पारदर्शक आहेत. तेवढ्याच भागावर पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो `Multiply` मध्ये ठेवा, म्हणजे पांढरं नाहीसं होऊन काचेच्या गडद रेषा राहतात आणि मागची भिंत दिसते. त्यावर काळ्या पार्श्वभूमीचा फोटो `Screen` मध्ये, म्हणजे काळं नाहीसं होऊन चकाकी राहते. खाली मोकळ्या ओट्याची फ्रेम हवी, नाहीतर डमीची काच आणि खरी काच एकावर एक दिसतील. हा पट्टा केला नाही तर रिकाम्या काचेतून स्टुडिओचा पांढरा कागद दिसत राहतो, आणि बाकी सगळं जमूनही फोटो खोटा वाटतो.

डमी मिळालीच नाही तर सावली हाताने करावी लागते, आणि ती दोन थरांत करावी. बूड जिथे फरशीला टेकतं तिथे अगदी बारीक, गडद आणि जवळजवळ धारदार रेघ. तिच्याशिवाय बरणी टेकलेली वाटत नाही. आणि खिडकीच्या उलट दिशेला पसरणारी लांब मऊ सावली, जी बुडाजवळ घट्ट आणि लांब जाताना विरघळत जाते. तिचा रंग निव्वळ काळा घेऊ नका. त्याच ओट्यावरच्या ताटाच्या सावलीतून ड्रॉपरने उचला आणि थर `Multiply` करा.

रंग: आकड्याने तपासा

दृश्याला जी काही छटा, उजेड, अंधार द्यायचा तो बरणीच्या थराखाली द्या. सगळ्या चित्रावर एकच फिल्टर टाकण्याची सवय ही लेबलाच्या मुळावर उठणारी सवय आहे.

बरणीला फार तर तिच्या जागेच्या उजेडाइतकं उजळ किंवा मंद करावं लागतं. त्यासाठी फक्त तिलाच जोडलेला एक `Curves` थर, आणि त्याचा प्रकार `Luminosity`. या प्रकारात उजेड हलतो, रंगाची जात हलत नाही. तेलात आणि काचेत शेजारच्या पिवळ्या वरणाची किंवा पितळेची हलकी छटा उतरायला हवी असेल तर ती काचेपुरती, बुडाच्या बाजूला, अगदी कमी प्रमाणात द्या. लेबल तेवढं मास्कने वगळा.

आता मोजणी. मूळ फोटोत, करड्या कार्डाने समतोल केल्यानंतर, नावातल्या जाड काळजीपूर्वक छापलेल्या एका अक्षराच्या पोटात `Color Sampler Tool` टेकवा. नमुना एका पिक्सेलचा नको, ११×११च्या सरासरीचा घ्या, कारण गडद रंगात एकेक पिक्सेल खोटं बोलतो. `Info` मध्ये `HSB` निवडा. माझ्या लेबलाचं वाचन `H` ३५४, `S` ७२, `B` ४६. जोडलेल्या चित्रात त्याच जागी पुन्हा वाचा. `B` बदललेला चालतो, गोल बरणीच्या कडेला तो कमी होणारच. `H` मात्र दोन-तीन अंशांच्या पलीकडे जाता कामा नये. मी मुद्दाम पूर्ण चित्रावर सोनेरी फिल्टर टाकून पाहिला तेव्हा `H` ३५४ वरून शून्य ओलांडून ८ वर गेला. हाच तो विटकरी. लेबलाचा पांढराही वाचा: तांबडा, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. २३८, २३४, २२९ इतकी ऊब दृश्यात शोभते. निळा २१० वर उतरला की कागद जुना वाटायला लागतो.

इथे डिझाइनरने दिलेल्या रंगाच्या कोडशी जुळवायच्या फंदात पडू नका. कोड स्क्रीनसाठी असतो, लेबल शाईने मॅट कागदावर छापलेलं असतं आणि तो रंग नेहमीच थोडा बसका असतो. गिऱ्हाइकाच्या हातात येणार ते छापलेलं लेबल, म्हणून खरं तेच.

लोगो आणि आकाराची शेवटची तपासणी अशी. मूळ बरणीची न बदललेली प्रत त्याच मापात वर ठेवा आणि प्रकार `Difference` करा. लेबल जवळजवळ काळं दिसलं पाहिजे. सगळीकडे सारखी मंद राख दिसली तर फक्त उजेडाचा फरक आहे, चिंता नाही. पण अक्षरांच्या कडा उजळ रेघांसारख्या चमकल्या तर आकार सरकलाय किंवा ताणलाय. कोरून काढल्यासारखी प्रत्येक मात्रा दुहेरी दिसते. मग मागे जाऊन टक्के बघा. याच वेळी लेबलावरचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांकही नजरेखालून घाला. लहान मापात ते वाचता आले नाहीत तरी चालेल, पण कुठल्याही साफसफाईच्या ब्रशने पुसले किंवा बदलले गेलेले चालणार नाहीत.

पाठवताना

सगळ्यात शेवटी संपूर्ण चित्रावर अगदी थोडा दाणा टाका, `Add Noise` मध्ये `Monochromatic` खूण करून. स्टुडिओतली बरणी आणि घरातलं दृश्य यांची कणी वेगळी असते, ती यामुळे एक होते, आणि एकरंगी दाणा रंगाला धक्का लावत नाही.

जालावर टाकायची फाइल `Convert to Profile` ने `sRGB` करा. शेजारीच `Assign Profile` आहे, तो दाबलात तर आकडे तेच राहून रंग बदलतात, आणि आत्तापर्यंतची सगळी मोजणी वाया जाते. जेपेगची गुणवत्ता फोटोशॉपच्या १२ पैकी १० किंवा वर ठेवा. कमी ठेवली तर फाइल रंगाचा तपशील उजेडाच्या तपशीलापेक्षा जास्त दाबते, आणि पांढऱ्यावरच्या डाळिंबी अक्षरांना बाजूने गुलाबी वाफ सुटल्यासारखी दिसते. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी पहिला फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचाच लागतो, हा ओट्यावरचा फोटो दुसऱ्या-तिसऱ्या जागी जातो, तेव्हा मूळ पांढरा फोटोही जपून ठेवा.

काकूंना मंजुरीसाठी फोटो व्हॉट्सॲपवरच जातो. तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर वाटेत दाबला जाऊन येतो आणि अक्षरं पुसट दिसतात. पाठवायच्या आधी फोन करून एवढं विचारतो, "काकू, फोनवर रात्रीचा पिवळा उजेड लावलेला नाही ना? आणि बरणी हाताशी आहे का?" मग त्यांना दिवसा, खिडकीपाशी, बरणी फोनशेजारी धरून बघायला सांगतो. या वेळी त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "कवडसा पडलाय की हो तेलाचा. आमच्या ओट्यावर असाच पडतो."